प्लॅनिंगच्या आधीचे काम : अस्पष्ट स्टोरी ‘रेडी’ कशी होते

‘रुग्णाला आपली अपॉइंटमेंट बदलता यावी.’ बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, हे एवढेच वाक्य असलेली स्टोरी पुढच्या स्प्रिंटचे काम ठरवणाऱ्या प्लॅनिंगच्या बैठकीत समोर येते, तेव्हा वाचताना कोणालाच काही खटकत नाही. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचे सॉफ्टवेअर बनवणारी टीम असेल, तर या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, आणि नेमकी तिथेच अडचण असते, कारण प्रत्येकाला कळलेला अर्थ वेगळा असतो. कामाच्या आकाराचा अंदाज आकड्यांत सांगण्यासाठी प्लॅनिंग पोकरचे पत्ते उघडले की एका डेव्हलपरचा ३ येतो आणि दुसऱ्याचा १३. पहिल्याने त्याच डॉक्टरांकडची फक्त वेळ बदलण्याचा विचार केलेला असतो. दुसऱ्याने डॉक्टर बदलणे, दोन डॉक्टरांच्या फीमधला फरक आणि आधी भरलेल्या पैशांचा परतावा हे सगळे गृहीत धरलेले असते. मग चर्चा सुरू होते, प्रॉडक्ट ओनर म्हणतो की परताव्याबद्दल हिशेब विभागाला विचारावे लागेल, त्या विभागातली व्यक्ती त्या दिवशी उपलब्ध नसते, आणि अर्धा-पाऊण तास गेल्यानंतर टीमपुढे दोनच वाटा उरतात: काहीतरी आकडा टाकून स्टोरी घ्यायची, किंवा ती बाजूला ठेवून पुढच्या तितक्याच धूसर स्टोरीकडे वळायचे.

स्क्रम या कार्यपद्धतीची मूळ मार्गदर्शिका असलेल्या स्क्रम गाइडप्रमाणे एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंगला जास्तीत जास्त ८ तासांची मर्यादा आहे, आणि लहान स्प्रिंटला साहजिकच कमी वेळ अपेक्षित असतो. त्या वेळात तीन गोष्टी ठरवायच्या असतात: हा स्प्रिंट कशासाठी मोलाचा आहे, त्यात काय पूर्ण होऊ शकते आणि निवडलेले काम कसे केले जाईल. ‘ही स्टोरी म्हणजे नक्की काय’ हा प्रश्न या तिन्हींच्या आधीचा आहे. तो प्लॅनिंगमध्ये शिरला की उरलेल्या प्रश्नांचा वेळ खातो, आणि त्याचे उत्तर बहुधा खोलीबाहेरच्या कोणाकडे असल्यामुळे वेळ खाऊनही सुटत नाही. म्हणून तो आधी सोडवण्याची जागा हवी. ती जागा म्हणजे बॅकलॉग रिफाइनमेंट, आणि तो पुरेसा सुटला आहे की नाही हे ओळखण्यासाठी टीमने आपसात ठरवलेली खूण म्हणजे डेफिनिशन ऑफ रेडी.

या दोन गोष्टींचा दर्जा सारखा नाही, हे स्पष्ट असलेले बरे. रिफाइनमेंटचा उल्लेख स्क्रम गाइडमध्ये आहे. बॅकलॉगमधल्या बाबी अधिक लहान आणि अधिक नेमक्या करण्याचे हे सतत चालणारे काम आहे, असे २०२० ची आवृत्ती सांगते. मात्र प्लॅनिंग किंवा रिव्ह्यूसारखी ती ठरावीक बैठक नाही. बैठक घ्यायची की नाही आणि किती वेळा, हे टीमने ठरवायचे असते. एका स्प्रिंटमध्ये पूर्ण करता येईल अशी बाब निवडीसाठी तयार मानली जाते, एवढेच गाइड म्हणते. ‘डेफिनिशन ऑफ रेडी’ ही संज्ञा मात्र त्यात नाही. ती टीमांनी गरजेतून वापरात आणलेली पूरक पद्धत आहे. काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे हे सांगणारी ‘डेफिनिशन ऑफ डन’ ही स्क्रममधली बांधिलकी आहे, तर ‘रेडी’ हा टीमचा आपापसातला करार आहे, आणि तो मोडण्याची मुभाही टीमलाच असते. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता त्या अपॉइंटमेंटच्या स्टोरीकडे वळू. प्लॅनिंगच्या साधारण आठवडाभर आधी प्रॉडक्ट ओनर, एक डेव्हलपर आणि एक टेस्टर असे तिघे तिच्यावर बसतात. पूर्ण टीम लगेच बोलावण्यापेक्षा आधी तिघांनी बसणे मला जास्त उपयोगाचे वाटते, कारण तिघांचे प्रश्न तीन दिशांनी येतात: हवे काय आहे, करता कसे येईल, आणि फसेल कुठे. या बैठकीसाठी मॅट विन यांनी मांडलेली एक्झाम्पल मॅपिंग ही पद्धत फार सोयीची आहे. पिवळ्या कार्डावर स्टोरी लिहायची, निळ्या कार्डांवर नियम, प्रत्येक नियमाखाली हिरव्या कार्डांवर त्याची उदाहरणे, आणि ज्याचे उत्तर कोणाकडेच नाही तो प्रश्न लाल कार्डावर. एका स्टोरीला साधारण २५ मिनिटे द्यायची. तेवढ्यात चित्र स्पष्ट झाले नाही, तर ती स्टोरी एकतर फार मोठी आहे किंवा तिच्यात अनुत्तरित गोष्टी फार आहेत, एवढी माहिती तरी हाती लागते.

प्रॉडक्ट ओनर पहिला नियम सांगतो: अपॉइंटमेंटच्या २४ तास आधीपर्यंत ती बदलता येईल. निळे कार्ड तयार होते. टेस्टर लगेच उदाहरण मागतो. समजा, मंगळवारी सकाळी १० ची अपॉइंटमेंट आहे. सोमवारी ९.५० ला बदल केला तर चालेल, १०.१० ला केला तर चालणार नाही. आणि बरोबर १० वाजता? चालेल, असे ठरते. मग डेव्हलपर विचारतो, रुग्णाने ९.५० ला स्क्रीन उघडली, वेळा पाहत बसला आणि ‘नक्की करा’ हे बटण १०.०५ ला दाबले, तर काय? बटण दाबल्याची वेळ धरायची, आणि उशीर झाला असेल तर जुनी अपॉइंटमेंट तशीच ठेवून दवाखान्याला फोन करण्याची सूचना दाखवायची, असा निर्णय होतो. त्यातूनच आणखी एक प्रश्न निघतो, जो नियम नुसता वाचून कोणाला सुचला नसता: शुक्रवारची अपॉइंटमेंट आजच्या दुपारवर आणता येईल का? जुन्या वेळेला अजून २४ तासांहून अधिक अवधी आहे, पण नवी वेळ चार तासांवर आहे. प्रॉडक्ट ओनर म्हणतो, ती वेळ नव्या रुग्णासाठी खुली असेल तर यालाही मिळावी. मात्र त्यानंतर ती पुन्हा बदलता येणार नाही, कारण २४ तासांचा नियम तिलाही लागू होईल. एका साध्या वाक्याच्या नियमातून असे चार-पाच निर्णय निघाले, आणि यातला प्रत्येक निर्णय स्प्रिंटच्या मध्यावर निघाला असता तर काम थांबवून विचारावा लागला असता.

दुसरा नियम डेव्हलपरकडून येतो: नवी वेळ मिळाल्याची खात्री होईपर्यंत जुनी सोडायची नाही. याचे हिरवे कार्ड असे होते की दोन रुग्ण एकाच वेळी बुधवारची ११.३० ची जागा निवडतात. पहिल्याला ती मिळते, दुसऱ्याला ‘ही वेळ आता उपलब्ध नाही’ असा संदेश दिसतो आणि त्याची जुनी अपॉइंटमेंट जशीच्या तशी राहते. या उदाहरणाने कामाचा आकारही थोडा वाढतो, कारण जुनी जागा सोडणे आणि नवी घेणे या दोन्ही गोष्टी एकत्रच घडल्या पाहिजेत किंवा दोन्ही घडता कामा नयेत.

तिसरी गोष्ट टेस्टरच्या लक्षात येते. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी जाणारा आठवणीचा संदेश आधीच वेळापत्रकात लावलेला असतो. अपॉइंटमेंट बदलली आणि तो संदेश तसाच राहिला, तर रुग्णाला जुन्याच वेळेची आठवण जाईल आणि तो चुकीच्या दिवशी दवाखान्यात येईल. संदेशाचे काम नंतरच्या वेगळ्या स्टोरीत करू, असा विचार आधी मांडला गेला होता; या उदाहरणानंतर तो मागे पडतो. जुना संदेश रद्द करून नवा लावणे हा पहिल्याच स्टोरीचा भाग ठरतो, कारण त्याविना ती स्टोरी वापरणाऱ्याचे नुकसान करणारी ठरली असती.

उरली ती लाल कार्डे. डॉक्टर बदलले आणि नव्या डॉक्टरांची फी कमी असेल, तर फरकाचे पैसे परत करायचे का? पेमेंट गेटवेवर मूळ व्यवहारातला काही भागच परत करण्याची सोय आहे का? अपॉइंटमेंट किती वेळा बदलता यावी? आणि बटणावर ‘वेळ बदला’ लिहावे की ‘पुन्हा ठरवा’?

‘रेडी’ या कल्पनेचा गाभा या लाल कार्डांपाशी उलगडतो. स्टोरी तयार आहे याचा अर्थ तिच्याबद्दल एकही प्रश्न उरलेला नाही, असा नव्हे. तसा अर्थ घेतला तर कोणतीच स्टोरी कधी तयार होणार नाही. प्रत्येक उरलेल्या प्रश्नाला एकच कसोटी लावावी: याचे उत्तर काहीही आले, तरी कामाचा आकार आणि काम स्वीकारण्याचे निकष जवळपास तेच राहतील का? बटणावरच्या मजकुराचे उत्तर काहीही आले तरी काम तेवढेच राहते, म्हणून तो प्रश्न खुशाल उघडा ठेवावा आणि काम चालू असताना सोडवावा. किती वेळा बदलता यावी, याचे उत्तर ‘मर्यादा नाही’ असेल तर काम काहीच नाही, आणि ‘दोनदा’ असेल तर मोजणी ठेवावी लागेल. काम थोडे वाढते आणि स्वीकारण्याचा एक निकषही वाढतो. तेव्हा हा निर्णय प्रॉडक्ट ओनरने प्लॅनिंगआधी द्यावा, आणि तो एका फोनवर मिळण्यासारखा आहे. परताव्याचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याच्या उत्तरावर स्टोरी ३ ची की १३ ची हे ठरते. असा प्रश्न उघडा असताना स्टोरीला तयार म्हणता येत नाही, मग तिचा तपशील इतर बाबतीत कितीही सुबक लिहिलेला असो.

अशा वेळी पूर्ण स्टोरी अडवून ठेवण्याऐवजी ती फोडता येते का, हे पाहावे. इथे ती सहज फुटते. पहिला तुकडा: त्याच डॉक्टरांकडे, त्याच प्रकारच्या तपासणीची वेळ बदलणे, आठवणीच्या संदेशासह. यात पैशांचा प्रश्नच येत नाही. दुसरा तुकडा: फी समान असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणे. तिसरा: फी वेगळी असलेल्या डॉक्टरांकडे जाणे. यातला प्रत्येक तुकडा पूर्ण झाल्यावर रुग्णाला काहीतरी वापरता येते. हीच स्टोरी ‘डेटाबेसमधले बदल’, ‘सर्व्हरवरचे काम’ आणि ‘स्क्रीन’ अशी फोडली, तर तीन लहान बाबी मिळतात खऱ्या, पण परताव्याचा अनुत्तरित प्रश्न तिन्हींमध्ये पसरतो आणि एकही तयार होत नाही. असे तांत्रिक थरांनुसार पाडलेले आडवे तुकडे टाळावेत, असे जे सांगितले जाते त्यामागचे एक ठोस कारण हे आहे: योग्य रीतीने फोडले की संदिग्धता एका तुकड्यात गोळा होते आणि बाकीचे मोकळे होतात.

तिसऱ्या तुकड्यासाठी टीम स्पाइक ठेवते, म्हणजे उत्तर शोधण्यासाठी वेळेची मर्यादा घातलेले छोटे काम. स्पाइकलाही स्वतःची नेमकी व्याख्या लागते. ‘पेमेंट गेटवेचा अभ्यास करणे’ हा स्पाइक नव्हे, कारण तो कधी संपला हे सांगता येणार नाही. ‘गेटवेच्या चाचणी खात्यावर पूर्ण झालेल्या व्यवहारातला काही भाग परत करून पाहणे, तसे होते का आणि परतावा झाल्याची सूचना आपल्या सिस्टिमला कशी मिळते हे एका पानावर लिहिणे, मर्यादा एक दिवस’ हे चालेल. दिवस संपला आणि उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच असते: हा तुकडा पुढच्या स्प्रिंटमध्येही घेण्याजोगा नाही.

तिघांची ही बैठक झाल्यावर पहिले दोन तुकडे पूर्ण टीमसमोर येतात. हा टप्पा गाळू नये. अंदाज देण्याची जबाबदारी ज्यांना ते काम करायचे आहे त्या डेव्हलपरांची असते, आणि तिघांनी मिळून ठरवलेला आकडा बाकीच्यांवर लादला तर प्लॅनिंगमधला वाद तसाच राहतो. कार्डे भिंतीवर किंवा बोर्डवर दिसत असल्यामुळे समजावण्याला फार वेळ लागत नाही. पुन्हा पत्ते उघडले जातात. पहिल्या तुकड्यावर बहुतेकांचे ५ येतात, एकाचा ८. दोन रुग्ण एकच जागा निवडतात त्या प्रसंगाची चाचणी लिहायला वेळ लागेल, असे तो सांगतो, आणि टीम त्यावर विचार करून ८ मान्य करते. आधीचा ३ आणि १३ हा फरक कामाच्या अर्थाबद्दलचा होता, हा ५ आणि ८ चा फरक श्रमाबद्दलचा आहे. अंदाजांमधले अंतर या दोनपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखणे हा आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा लाभ आहे.

आता या टीमची डेफिनिशन ऑफ रेडी कशी दिसेल? मी ती चार-पाच वाक्यांहून मोठी ठेवणार नाही. ही गोष्ट कोणाला आणि कशासाठी हवी आहे, हे एका वाक्यात सांगता येते. प्रत्येक नियमाला निदान एक चालणारे आणि एक न चालणारे उदाहरण आहे. दुसऱ्या टीमकडून किंवा बाहेरच्या संस्थेकडून काही हवे असेल, तर ते मिळाले आहे किंवा कोण, कधी देणार हे ठरले आहे. काम करणाऱ्यांनी आकार सांगितला आहे आणि तो एका स्प्रिंटमध्ये सहज मावणारा आहे. उघडे राहिलेले प्रश्न लिहून ठेवले आहेत आणि त्यातल्या एकाच्याही उत्तराने आकार बदलणार नाही. बस्स, एवढेच. चांगली स्टोरी कशी असावी यासाठी बिल वेक यांनी २००३ मध्ये मांडलेले INVEST चे सहा निकष अनेक टीम यादी म्हणून जशाच्या तशा वापरतात. स्टोरी लिहिताना ते लक्षात असणे चांगलेच, पण ‘मूल्यवान आहे का’ यापुढे खूण करायला कोणालाच अडचण येत नाही, आणि ज्या अटीपुढे नेहमीच खूण होते ती अट काहीही पकडत नाही.

यादी वाढू लागते तेव्हा काय बिघडते, हे नीट समजून घ्यायला हवे. ‘सर्व स्क्रीनची अंतिम डिझाइन मंजूर झालेली असावीत’, ‘तांत्रिक आराखड्यावर आर्किटेक्टची सही असावी’ अशा अटी आल्या की डिझाइन आधी पूर्ण, मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी अशी जुनी टप्प्याटप्प्यांची पद्धत मागच्या दाराने परत येते. डिझाइनर आणि डेव्हलपर एकाच स्प्रिंटमध्ये शेजारी बसून जे सोडवू शकले असते, ते आता एकाने संपवल्याशिवाय दुसऱ्याने सुरूच करायचे नसते. माइक कोन यांनी याच धोक्याकडे लक्ष वेधले आहे: ‘शंभर टक्के’ पूर्ण असण्याची मागणी करणारा नियम फाटक बनतो. हे झाल्याची खूण ओळखायला सोपी आहे. डेव्हलपर ‘हे रेडी नाही’ असे म्हणून स्टोरी परत पाठवतात, पण कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे सांगत नाहीत, आणि प्रॉडक्ट ओनर कोणाशी न बोलता एकटाच साचे भरत बसतो. असे दिसले की यादी कमी करावी आणि तिघांची बैठक पुन्हा सुरू करावी. रेडी ही मागणीची पावती नव्हे; ती दोन्ही बाजूंनी मिळून केलेल्या संभाषणाची नोंद आहे.

वेळ किती द्यावा, याबद्दल स्क्रम गाइडच्या २०२० पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये एक आकडा होता: रिफाइनमेंटला डेव्हलपमेंट टीमच्या क्षमतेच्या सहसा १० टक्क्यांहून अधिक वेळ लागत नाही. २०२० मध्ये तो वगळला गेला, तरी अंदाजासाठी तो अजूनही कामाचा आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे १० दिवस धरले, तर माणशी एक दिवस होतो. आठवड्यातून एकदा सगळ्यांची तासाभराची बैठक, त्याआधी तिघांच्या छोट्या बैठका आणि अधूनमधून एखादा स्पाइक, हे त्यात आरामात बसते. पूर्ण टीमची बैठक प्लॅनिंगच्या आदल्या दिवशी ठेवू नये; लाल कार्डांची उत्तरे आणायला मध्ये तीन-चार दिवस तरी हवेत, नाहीतर तीच कार्डे दुसऱ्या दिवशी प्लॅनिंगमध्ये हजर होतात.

किती पुढचे काम तयार ठेवावे, हाही प्रश्न येतो. साधारण दीड ते दोन स्प्रिंट पुरेल एवढे पुरे. त्याहून कमी असले, तर एक स्टोरी गळाली की प्लॅनिंगमध्ये पर्याय उरत नाही. त्याहून फार जास्त असले, तर आज लिहिलेली उदाहरणे हाती येईपर्यंत शिळी होतात; २४ तासांचा नियम तोवर १२ तासांचा झालेला असतो आणि कार्डावर मात्र जुनाच राहतो. बॅकलॉगच्या तळाशी असलेल्या बाबी एका ओळीच्याच असू द्याव्यात. त्यांच्यावर घालवलेला वेळ बहुधा वाया जातो.

हे सगळे उपयोगी पडते आहे का, हे तपासायला एक साधी नोंद पुरते. प्लॅनिंगमध्ये आणि स्प्रिंट चालू असताना, कामाच्या अर्थाबद्दल विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न स्टोरीच्या नावासह एका जागी लिहावा, आणि रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये ती यादी पाहावी. एकाच प्रकारचे प्रश्न पुन्हा पुन्हा दिसू लागले, उदाहरणार्थ दर वेळी कोणत्या भूमिकेच्या वापरकर्त्याला काय दिसावे यावरच काम अडत असेल, तर तेवढी एक अट डेफिनिशन ऑफ रेडीमध्ये घालावी. उलट, एखाद्या अटीमुळे तीन-चार स्प्रिंटमध्ये एकही स्टोरी थांबली नसेल आणि तिने एकही नवा प्रश्न उभा केला नसेल, तर ती काढून टाकावी. यादी अशी टीमच्या स्वतःच्या अडचणींतून घडली, तर लहान राहते आणि लोक ती पाळतात. दुसऱ्या टीमकडून उचललेली यादी सहसा दोन्ही बाबतींत फसते.

शेवटचा प्रसंग, जो प्रत्येक टीमवर येतो: प्लॅनिंगच्या सकाळी प्रॉडक्ट ओनर एक तातडीची स्टोरी आणतो, आणि ती तयार नसते. करार टीमचा आहे, म्हणून तो डोळसपणे बाजूला ठेवता येतो, पण त्यासाठी तीन गोष्टी तिथेच, सगळ्यांसमोर ठरवाव्यात. आकार बदलू शकणारे प्रश्न कोणते, हे नावानिशी लिहावे. प्रत्येकाचे उत्तर कोण आणि कोणत्या दिवसापर्यंत आणणार, हे ठरवावे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये तो दिवस दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापलीकडे नसावा. आणि त्या दिवशी उत्तर आले नाही किंवा काम मोठे निघाले, तर बदल्यात कोणती स्टोरी सोडायची हे आधीच निवडून ठेवावे. चालू सिस्टिममधला बिघाड दुरुस्त करण्यासारख्या कामांना मात्र ही अट मुळातच लावू नये, कारण तिथे काय चुकले आहे हे शोधणे हेच बहुतांश काम असते. अशा कामांसाठी स्प्रिंटच्या क्षमतेतला काही भाग आधीच मोकळा ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते.